दोन लाख माणसं उभी कुठे राहिली?

आमच्या जिल्ह्याच्या गावात गेल्या महिन्यात मोठा मोर्चा निघाला. संध्याकाळ व्हायच्या आत दोन आकडे गावभर फिरू लागले. आयोजकांचे कार्यकर्ते म्हणत होते, दोन लाख. विरोधातली मंडळी म्हणत होती, जेमतेम आठ हजार. पुढचे चार दिवस चहाच्या टपरीपासून वकिलांच्या बाररूमपर्यंत एकच वाद चालला आणि त्या वादात कोणीही रस्त्याचं नाव काढलं नाही. दोन लाख म्हणणारा निष्ठावान ठरला, आठ हजार म्हणणारा विकला गेलेला ठरला. मागणी काय होती, ती रास्त होती की नव्हती, हेही मागे पडलं. आकडा म्हणजे जणू शपथपत्र झालं होतं.

माझं म्हणणं पहिल्यांदाच सांगून टाकतो. रस्त्यावरून गेलेल्या माणसांचा आकडा हा आधी भूमितीचा प्रश्न आहे, राजकारणाचा नंतर. जो कोणी आकडा सांगेल, मग तो आयोजक असो, पोलीस असो की वार्ताहर, त्याने सोबत पाच गोष्टी सांगितल्या पाहिजेत: रस्ता किती लांब, त्यातली चालायला मोकळी रुंदी किती, एका चौरस मीटरमध्ये सरासरी किती माणसं होती, मोर्चा किती वेगाने चालला आणि तो एका जागेवरून जायला किती वेळ लागला. हे पाच सांगता येत नसतील तर आकडा छापू नये. ‘मोठी गर्दी होती’ एवढं लिहावं, त्यात काही कमीपणा नाही.

मोर्चानंतरच्या रविवारी सकाळी सहा वाजता मी आणि माझा एक मित्र टेप घेऊन तो रस्ता मोजायला गेलो. पुतळ्याच्या चौकापासून जिल्हाधिकारी कचेरीपर्यंतचा रस्ता बाराशे मीटर भरला. इमारतीपासून इमारतीपर्यंतची रुंदी एकोणीस मीटर होती, आणि बहुतेक लोक इथेच पहिली चूक करतात. एकोणीस मीटर ही नकाशावरची रुंदी. दोन्ही बाजूंच्या गटारांवर टपऱ्या आहेत, त्यांच्यापुढे दुचाकी उभ्या असतात आणि मधोमध दुभाजक आहे. मोर्चाच्या दिवशी माणसं ज्या पट्ट्यातून खरोखर चालली तो चौदा मीटरचा होता. बाराशेला चौदाने गुणलं की सोळा हजार आठशे चौरस मीटर होतात. आता दोन लाखांना या क्षेत्रफळाने भागून पाहा. एका चौरस मीटरला जवळजवळ बारा माणसं येतात.

बारा म्हणजे किती, हे कागदावर कळत नाही. म्हणून आम्ही घराच्या अंगणात खडूने एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन आखला आणि त्यात शेजारपाजारची माणसं उभी केली. दोघं आरामात उभे राहिले, हात हलवता येत होते. चौघांचे खांदे एकमेकांना लागले. पाचवा आत आल्यावर सगळे अंग चोरून उभे राहिले. सहाव्याला जागा करताना एकाचा पाय रेषेबाहेर गेला. मग त्या सगळ्यांना म्हटलं, आता त्याच अंतराने पुढे चालत राहा. चौघांना ते जमेना, पुढच्याच्या टाचेवर मागच्याचा पाय पडू लागला. दोघांना जमलं. पाऊल उचलणाऱ्या माणसाला पुढे मोकळी जमीन लागते, ही साधी गोष्ट गर्दीच्या वादात सतत विसरली जाते.

ही मोजणी काही आमचा शोध नव्हे. 1960 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात हर्बर्ट जेकब्स नावाचे पत्रकारितेचे प्राध्यापक होते. त्यांच्या खोलीच्या खिडकीतून विद्यार्थ्यांच्या सभांचं मैदान दिसायचं. त्या मैदानाच्या फरशीवर चौकोनांची आखणी होती. काही चौकोनांतली माणसं मोजायची, सरासरी काढायची आणि चौकोनांच्या संख्येने गुणायचं, अशी त्यांची रीत होती. त्यातून त्यांनी एक ढोबळ माप बसवलं. विरळ गर्दीत माणशी दहा चौरस फूट, दाट गर्दीत साडेचार आणि अगदी अंगाला अंग भिडलेल्या गर्दीत अडीच. आपल्या हिशेबात सांगायचं तर एका चौरस मीटरला अनुक्रमे एक, अडीच आणि चारच्या थोडी वर. साठ वर्षं होत आली, तरी या मापात फारसा बदल करावा लागलेला नाही, कारण माणसाच्या खांद्यांची रुंदी तेवढीच राहिली आहे.

आता विरोधातले मुद्दे. ते पोकळ नाहीत, म्हणून एकेक नीट घेतो.

पहिला मुद्दा मला एका मुंबईकर मित्राने ऐकवला. तो म्हणाला, "तुझं बर्कली तुला लखलाभ. आमच्या लोकलमध्ये चौरस मीटरला चौदा-सोळा माणसं उभी असतात, हे रेल्वेच सांगते. मग रस्त्यावर बारा का नाही?" मुद्दा खरा आहे. मुंबईच्या लोकलसाठी रेल्वेने या दाटीला वेगळं नावच दिलेलं आहे, ‘सुपर डेन्स क्रश लोड’, आणि त्याचा अर्थ उभ्याने प्रवास करणारी चौदा ते सोळा माणसं एका चौरस मीटरला, असाच आहे. पण त्या डब्यात होतं काय ते आठवा. विरारच्या गाडीत शिरलेला माणूस तोल जाऊन पडत नाही, कारण पडायला जागाच नसते. पत्र्याच्या भिंती चारही बाजूंनी गर्दीला धरून असतात. हात वर गेला तर खाली येत नाही. आणि मुख्य म्हणजे त्या डब्यात कोणी चालत नाही, चालते ती गाडी. दादरला उतरायचं असेल तर दोन स्टेशनं आधीपासून दाराकडे सरकावं लागतं. त्या दाटीने माणसं रस्त्यावर चालवायला जाल तर मोर्चा पन्नास मीटरसुद्धा पुढे सरकणार नाही.

सरकला नाही तर काय होतं, तेही मुंबईला ठाऊक आहे. 29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर तेवीस माणसं गेली. त्यांना कोणी मारलं नव्हतं. सकाळच्या पावसात जिन्यावर माणसं साचत गेली, मागून येणारी थांबली नाहीत आणि पुढच्यांना जायला वाट उरली नाही. उघड्यावरच्या गर्दीत चौरस मीटरला सहा-सात माणसं झाली की माणूस स्वतःच्या पायांवर उभा राहत नाही. गर्दी लाटेसारखी हलते आणि तो तिच्याबरोबर ढकलला जातो. म्हणून एखादा आयोजक अभिमानाने सांगतो की आमच्या मोर्चात रस्त्यावर चौरस मीटरला बारा माणसं होती (तो असं सांगत नाही, पण त्याच्या आकड्याचा अर्थ तोच होतो), तेव्हा तो नकळत म्हणत असतो की आम्ही रस्ताभर प्रेतं पाडली. तसं झालं नाही. म्हाताऱ्या बायका, कडेवर पोरं घेतलेले बाप, सगळे चालत गेले आणि चालत घरी परतले. एवढ्यावरूनच आकडा खोटा ठरतो.

दुसरा मुद्दा सगळ्यात बळकट आहे, आणि तो मी अख्खा मान्य करतो. सभा जागेवर बसते, मोर्चा वाहतो. रस्ता म्हणजे हौद नव्हे, पाट आहे. पाटात या क्षणी किती पाणी आहे ते मोजून दिवसभरात किती पाणी गेलं हे कळेल का? नाही कळणार. मी सुरुवातीला स्वतःच ही चूक केली होती. क्षेत्रफळाला चौरस मीटरला दोन या दाटीने गुणलं, चौतीस हजारांच्या आसपास उत्तर आलं आणि तेच उत्तर समजून बसलो. पण चौतीस हजार ही फक्त रस्ता काठोकाठ भरलेला असताना एका क्षणी त्यावर असलेली माणसं. मोर्चाचं डोकं कचेरीपुढच्या मैदानात पोचून बसलं तेव्हा शेपूट अजून निघायचं होतं.

मग वाहता मोर्चा मोजायचा कसा? पाटाचं पाणी मोजतात तसाच: रुंदी, दाटी आणि वेग यांचा गुणाकार करून एका मिनिटात किती माणसं गेली ते काढायचं आणि जितकी मिनिटं मोर्चा चालला तितक्यांनी गुणायचं. एका ओळखीच्या माणसाचं त्याच रस्त्यावर पहिल्या मजल्याला कापडाचं दुकान आहे. त्याने गॅलरीच्या कठड्याला मोबाइल टेकवून मोर्चा सुरुवातीपासून शेवटपर्यंत टिपला होता. समोर दिव्याचे दोन खांब दिसत होते. खांबांमधलं अंतर आम्ही मोजलं, तीस मीटर होतं. एक मोठा फलक पहिल्या खांबापासून दुसऱ्यापर्यंत जायला किती सेकंद घेतो ते पाहिलं, पंचावन्न लागले. म्हणजे तासाला दोन किलोमीटर, मिनिटाला साधारण तेहतीस मीटर. पहिली ओळ आणि शेवटची ओळ यांत एकशे दहा मिनिटं गेली होती.

राहिली दाटी, आणि सगळं घोडं अडतं ते इथेच. लांबी आणि रुंदी टेपने मिळते, दाटीचा अंदाजच करावा लागतो. ट्रकच्या टपावरून किंवा शिडीवरून समोर बघत काढलेला फोटो इथे फार फसवतो. त्या कोनातून डोक्यामागे डोकं दिसतं, दोन डोक्यांमधली जमीन दिसत नाही, आणि शंभर मीटरचा विरळ रस्ताही खच्चून भरलेला वाटतो. वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येतो तो फोटो नेमका हाच. वरून सरळ खाली पाहणारा फोटो बरा. तोही नसेल तर जमीन शोधावी. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, माणसांच्या चपला, दुभाजकाचा रंग दिसत असेल तर चौरस मीटरला दोनपेक्षा कमी माणसं आहेत असं खुशाल धरावं. आम्ही चित्रफितीतली दहा वेगवेगळी मिनिटं निवडली आणि खांबाच्या रेषेपुढून जाणारी डोकी एकेक करून मोजली. सगळ्यात कमी तीनशे ऐंशी आली, सगळ्यात जास्त सातशे वीस. सरासरी साडेपाचशेच्या आसपास. उलटा हिशेब केला तर ही चौरस मीटरला सव्वा माणूस एवढीच दाटी होते.

सव्वा? ऐकणाऱ्याला हे फार कमी वाटतं, मलाही वाटलं होतं. पण पंढरीच्या वाटेवर उभं राहून ज्याने पालखी पाहिली आहे त्याला याचं नवल वाटणार नाही. माउलींच्या रथापुढे सत्तावीस दिंड्या असतात. प्रत्येक दिंडीत टाळकऱ्यांच्या रांगा, मधे पखवाज, वीणा, डोईवर तुळस घेतलेल्या बाया. ओळींमध्ये पावलं टाकायला, उडी घ्यायला मोकळी जागा असते आणि एका दिंडीचा शेवट आणि दुसरीची पताका यांमध्ये पुन्हा अंतर असतं. आपल्या डोळ्यांत भरते ती टाळ वाजणारी गर्दी, मोकळी जागा लक्षात राहत नाही. मोर्चाचंही तसंच आहे. तालुक्यातालुक्याचे गट, त्यांच्यामधली पोकळी, ध्वनिक्षेपकाची गाडी, रुग्णवाहिकेसाठी ठेवलेली वाट, हे सगळं सरासरीत धरावंच लागतं. सर्वांत दाट दहा मीटरची दाटी उचलून ती बाराशे मीटरला लावणं, ही आकडा फुगवण्याची सगळ्यात सोपी रीत आहे आणि ती बहुधा अजाणता वापरली जाते.

मिनिटाला साडेपाचशे, एकशे दहा मिनिटं: साठ हजार. म्हणजे वाहत्या मोर्चाचा मुद्दा मान्य केल्यावर माझा पहिला आकडा जवळजवळ दुप्पट झाला. पण दोन लाख झाला नाही, आणि होऊही शकत नव्हता. स्टेडियमच्या सुरक्षेसाठी ब्रिटनमध्ये एक मार्गदर्शिका वापरतात, तिला ग्रीन गाइड म्हणतात. सपाट वाटेवरून एक मीटर रुंदीतून मिनिटाला जास्तीत जास्त ब्याऐंशी माणसं बाहेर पडतात, असं तिच्यात धरलेलं आहे. ही खेळ संपल्यावर न रेंगाळता घरी निघालेल्या माणसांची धार आहे, घोषणा देत थांबत जाणाऱ्यांची नव्हे. तीच धार आमच्या चौदा मीटरला एकशे दहा मिनिटं अखंड लावली तरी सव्वा लाखाच्या आसपास बेरीज थांबते. त्या रस्त्याची, त्या वेळेतली ती कमाल मर्यादा. दोन लाख त्याच्याही पलीकडे आहेत.

आणि आठ हजारवाल्यांचं काय? त्यांचा आकडा इतकाच अशक्य आहे, फक्त दुसऱ्या टोकाला. एकशे दहा मिनिटांत आठ हजार म्हणजे मिनिटाला त्र्याहत्तर. चौदा जणांची एक ओळ, मग सहा मीटर मोकळा रस्ता, मग पुढची ओळ, असा मोर्चा पावणेदोन तास गेला असं मानावं लागेल. कापडाच्या दुकानातल्या चित्रफितीत असं एकही मिनिट नाही. त्यांनी फिरवलेला फोटो मोर्चाच्या शेपटाचा होता, खरा होता, पण शेपटाचा.

हाँगकाँगमध्ये 16 जून 2019 रोजी जे झालं ते या वादाचं मोठं रूप आहे. आयोजकांनी जवळपास वीस लाखांचा आकडा दिला, पोलिसांनी तीन लाख अडतीस हजारांचा. जग म्हणालं, कोणीतरी धादांत खोटं बोलतंय. पण पोलिसांचा आकडा मूळ ठरलेल्या मार्गावरच्या सर्वाधिक गर्दीच्या क्षणाचा होता आणि आयोजकांचा दिवसभरातल्या एकूण माणसांचा. दोन वेगळ्या प्रश्नांची ती उत्तरं होती, आणि ती एकमेकांसमोर ठेवून लोक भांडत होते. त्याच शहरात विद्यापीठातले संशोधक 2003 नंतर दर 1 जुलैच्या मोर्चाला रस्त्यावरच्या पादचारी पुलावर उभे राहून डोकी मोजत आले होते. त्यांनी आणखी एक अडचण ओळखली होती, जी आमच्या साठ हजारांनाही लागू आहे. एका जागेवर मोजलं की त्या जागेच्या पुढे येऊन मिळालेले आणि तिथे पोचण्याआधीच घरी गेलेले सुटतात. त्यावर त्यांचे दोन उपाय होते: दोन ठिकाणी मोजणं, किंवा नंतर दूरध्वनीवरून विचारणं की तुम्ही त्या पुलाखालून गेलात का. आमच्याकडे मोजणीची जागा एकच होती आणि कचेरीजवळच्या गल्ल्यांतून शेवटच्या टप्प्यात माणसं आलेली आम्हाला ठाऊक होतं. म्हणून आम्ही साठ हजार असा एक आकडा सांगत नाही. पन्नास ते ऐंशी हजार असा पल्ला सांगतो. हजारांपर्यंत नेमका आकडा कोणी सांगू लागला, त्रेसष्ट हजार चारशे वगैरे, तर त्याच्याकडे जास्तच संशयाने पाहावं.

तिसरा मुद्दा मनाला लागणारा आहे. एक कार्यकर्ती मला म्हणाली, "काका, माणसं उन्हातान्हात मजुरी बुडवून आली, आणि तुम्ही टेप घेऊन निघालात. हा त्यांचा अपमान नाही का?" तिचा राग मला समजतो. सत्तेतल्या माणसांनी आकडे कमी करून सांगितल्याची उदाहरणं जगभर आहेत आणि मोजणारा कोणाच्या बाजूचा, हा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच मोजणी उघड हवी, कोणालाही पुन्हा करून पाहता येईल अशी. मोजूच नका, हा त्यावरचा उपाय नव्हे. वॉशिंग्टनने तो करून पाहिला आहे. ऑक्टोबर 1995 मधल्या कृष्णवर्णीय पुरुषांच्या मिलियन मॅन मार्चनंतर तिथलं मैदान सांभाळणाऱ्या नॅशनल पार्क सर्व्हिस या सरकारी खात्याने चार लाखांचा अंदाज दिला. नावातच दहा लाख असलेल्या मोर्चाचे आयोजक खवळले, खटल्याची भाषा झाली. बॉस्टन विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी छायाचित्रांवरून पुन्हा मोजून आठ लाख सदतीस हजार, वीस टक्के कमी-जास्त, असा आकडा काढला. म्हणजे सरकारी आकडा बहुधा कमी होता आणि ते दुसऱ्या मोजणीनेच दाखवून दिलं. पण पुढच्या वर्षी अमेरिकन संसदेने पार्क सर्व्हिसला तिथली गर्दी मोजायला पैसाच नाकारला. वाद मिटला का? 2017 च्या जानेवारीत अध्यक्षांच्या शपथविधीला किती माणसं होती यावरून तिथे आठवडाभर रणकंदन झालं, आणि त्यात बोट दाखवायला अधिकृत मोजणी नव्हती.

अपमानाचं म्हणाल तर 2018 चा मार्च आठवावा. नाशिकहून निघालेले शेतकरी आणि आदिवासी एकशे ऐंशी किलोमीटर चालून मुंबईत आले. दहावीच्या मुलांची परीक्षा चुकू नये म्हणून शेवटची मजल त्यांनी रात्रीतून मारली आणि पहाटे आझाद मैदान गाठलं. बातम्यांमधले आकडे तीस-पस्तीस हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत होते. त्यांना पाच लाख कोणी म्हटलं नाही, त्यांनाही तशी गरज पडली नाही, आणि 12 मार्चला सरकारने लेखी आश्वासन दिलं. त्या मोर्चाचं वजन पायांना आलेल्या फोडांत होतं. चाळीस हजार माणसं सहा दिवस चालतात, हे चाळीस हजारच म्हटल्यावर जास्त मोठं वाटतं.

फुगवलेल्या आकड्याची किंमत मोजतात तीही हीच माणसं. दरवेळी दोन लाखांची परवानगी मागितली जाते आणि वीस-तीस हजार येतात, हे तहसील कचेरीला पाठ झालेलं असतं. मग पाण्याचे टँकर, रुग्णवाहिका, फिरती शौचालयं यांची तजवीज वीस हजारांच्याच हिशेबाने होते. आमच्या मोर्चात पन्नास ते ऐंशी हजार माणसं आली आणि दुपारी दोनला मैदानावरचं पाणी संपलं. मैदानातून बाहेर पडायला दोन फाटकं होती, एक चार मीटरचं आणि एक तीन मीटरचं. त्यातलं तीन मीटरचं कुलूप लावून बंद होतं. चार मीटरच्या फाटकातून ग्रीन गाइडच्या वेगाने मिनिटाला सव्वातीनशे माणसं बाहेर पडतात. साठ हजार धरले तरी त्यांना तीन तास लागले असते. त्या दिवशी कार्यकर्त्यांनी कुंपणाच्या तारा कापून वाट केली, म्हणून निभावलं. ते कुलूप अजून तिथेच आहे आणि पुढचा मोर्चा दिवाळीनंतर ठरला आहे.